सूर्यासमोरचा चेहरा: आधी झाक काढा, मग चेहरा बदला, मग झाक परत द्या

माझ्या आतेभावाने परवा व्हॉट्सॲपवर एक क्लिप पाठवली. संध्याकाळचं ऊन, समुद्रकिनारा, कॅमेऱ्याकडे चालत येणारा माणूस आणि त्याच्या खांद्यामागे मावळायला आलेला सूर्य. खाली प्रश्न: "चेहरा चिकटवलाय हे बघताक्षणी कळतंय. पण नाक, डोळे, ओठ सगळं नीट आहे. मग कळतंय कशावरून?"

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर चेहऱ्यात नाही. मी व्हीएफएक्समध्ये कॉम्पोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली चित्रं एकावर एक बसवून एकाच कॅमेऱ्याने टिपल्यासारखी दाखवतो. स्टंट करणारा डबल एक, चेहरा नटाचा, हे काम आमच्याकडे रोजचं. त्यातले सर्वांत जास्त परत येणारे शॉट म्हणजे कॅमेरा सूर्याकडे रोखून घेतलेले. चेहरा कितीही सफाईने बसवा, तो धुक्यात ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यासारखा उठून दिसतो.

## काच स्वतःच उजळते

एसटीत पुढच्या सीटवर बसून संध्याकाळी पश्चिमेकडे प्रवास केला असेल तर यातलं निम्मं तुम्हाला आधीच माहीत आहे. दिवसभर धुळीची काच कुणाच्या लक्षातही येत नाही. वळण घेतल्यावर ऊन समोरून आलं की काच स्वतःच चमकायला लागते. रस्ता, बैलगाडी, झाडं सगळं तिथेच असतं, पण सगळ्यावर पांढुरका थर येतो. काळी डांबरी सडक राखाडी दिसते. सडकेचा रंग बदललेला नसतो. सडक आणि डोळा यांच्यामध्ये जास्तीचा उजेड शिरलेला असतो.

कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये असंच होतं, फक्त तिथे एक काच नसते, दहा-पंधरा असतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड मागे परततो. जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करायची पद्धत काढली. आजच्या लेपांनी ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. मग अडचण काय उरली? सूर्य. अर्धा टक्का परतला आणि त्यातला अर्धा टक्का पुन्हा पुढे फिरला, तर मूळ उजेडाचा चाळीस हजारावा भाग सेन्सरवर पोचतो. दिवा चाळीस हजार पटींनी मंद केला तर तो दिसणारही नाही. पण सूर्य हा सावलीतल्या चेहऱ्याच्या लाखो पट तेजस्वी असतो, त्यामुळे चाळीस हजारावा भागही चेहऱ्याशी टक्कर घेतो.

हा भटका उजेड दोन रूपांत दिसतो. काही भाग लेन्सच्या नळीत, काचेवरच्या धुळीत आणि बोटांच्या ठशांत विखरून सगळ्या चित्रावर मऊ पसरतो. त्याला व्हेलिंग ग्लेअर म्हणतात, आपण इथे 'झाक' म्हणू. उरलेला भाग दोन काचांमध्ये नेमका उसळून परत येतो आणि सूर्याचे फिकट हिरवे-जांभळे ठिपके उमटवतो. त्यांना घोस्ट म्हणतात. आमच्याकडे सरळ 'भुतं' म्हणतात आणि नाव चपखल आहे, कारण ती असतात एकीकडे आणि दिसतात दुसरीकडे. त्यांचा रंग बहुधा लेपाचा असतो. लेप ज्या रंगाचं परावर्तन पूर्ण थांबवू शकत नाही, तो रंग भुताच्या वाट्याला येतो.

एक गोष्ट इथेच पक्की करून ठेवू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. झाक आणि भुतं माणसाच्या चेहऱ्यावर नसतात. ती लेन्सच्या आत तयार होतात. म्हणून चेहरा, मागचं आकाश आणि पुढची रेती यांतलं काय जवळ आणि काय लांब याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. खऱ्या धुक्यात लांबचा डोंगर जास्त फिका आणि जवळचा माणूस कमी फिका दिसतो. लेन्सची झाक अंतर बघतच नाही. कानाची उजळ कडा आणि केसांतून झिरपणारं सोनेरी ऊन मात्र खरोखर माणसावर पडलेलं असतं, ते चेहऱ्याबरोबर राहायला हवं. दोन्ही एकाच सूर्याची करामत असल्यामुळे नवशिके त्यांची गल्लत करतात. मीही केली होती.

## तिघा भावांचे पैसे

माझा पहिला असा शॉट मोटरसायकलवरच्या डबलचा होता. नटाचा चेहरा स्टुडिओत, तशाच दिशेचा उजेड लावून वेगळा शूट केला होता. तो बसवल्यावर फारच ठसठशीत दिसू लागला, म्हणून मी त्याचा कॉन्ट्रास्ट कमी केला, काळा भाग उचलला, थोडा पिवळा रंग दिला. मॉनिटरवर छान वाटलं. सुपरवायझरबाईंनी दोन सेकंद बघून परत पाठवलं. "मेलेला दिसतोय," एवढंच म्हणाल्या.

मेलेला का, ते पैशांच्या हिशोबात लगेच कळतं. तीन भाऊ आहेत. एकाकडे २ हजार, दुसऱ्याकडे १८ हजार, तिसऱ्याकडे १ लाख. आजीने तिघांना सारखे १२ हजार दिले. आता त्यांच्याकडे १४ हजार, ३० हजार आणि १ लाख १२ हजार झाले. धाकट्याची रक्कम सातपट झाली, थोरल्याला फरक जाणवलाही नाही. झाकही अगदी अशीच वाटणी करते, एका जागेच्या आसपासच्या प्रत्येक बिंदूला सारखी रक्कम. म्हणून नाकपुडीचा अंधार राखाडी होतो, गाल थोडा फिका होतो आणि कानाची उन्हाळलेली कडा जवळपास तशीच झळकते.

आता हेच आकडे चेहऱ्याचे समजा. उजेडाच्या सरळ मोजपट्टीवर नाकपुडी ०.०२, गाल ०.१८, कानाची कडा १.०. झाक ०.१२. बरोबर उत्तर ०.१४, ०.३० आणि १.१२. मी काय केलं होतं? बेरीज न करता गॅमा वाकवला होता, म्हणजे अंधार उचलण्यासाठी सगळी उतरंडच दाबली होती. नाकपुडी ०.१४ वर आणि गाल ०.३० वर बसवला, ते दोन्ही जुळले. पण त्याच वाकाने कानाची कडा १.१२ ऐवजी ०.५४ वर येते. निम्म्याहून कमी. सूर्य पाठीशी आणि कानाला ऊन नाही. बघणाऱ्याला आकडे माहीत नसतात, पण समोरचा माणूस उन्हात नाही हे त्याला कळतं.

'सरळ मोजपट्टी' हा शब्द वापरला, तो एकदा सांगून टाकतो. व्हिडिओ फाइलमधले आकडे डोळ्याला सोयीचे जावेत म्हणून वाकवून साठवलेले असतात. त्यांत दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट उजेड नव्हे. बेरीज करायची तर आधी ते वाक सरळ करावे लागतात. याला लिनिअर करणं म्हणतात. वाकलेल्या आकड्यांवर झाक मिळवली तर अंधारात कमी आणि उजेडात जास्त मिळते, म्हणजे नेमकी उलट चूक.

त्याच कारणाने 'स्क्रीन' नावाचा मिश्रणाचा प्रकारही इथे बाद होतो. फ्लेअरसाठी, म्हणजे झाक आणि भुतं दोन्हींसाठी, स्क्रीन वापरायची सवय सर्रास आहे. त्याचं गणित दोन आकड्यांची बेरीज वजा त्यांचा गुणाकार. कानाची कडा २.० असेल आणि झाक ०.१२, तर उत्तर येतं १.८८. उजेड ओतल्यावर चित्र काळवंडलं! लिनिअरमध्ये साधी बेरीज, बस्स.

## क्रम कसा असतो

वरचं समजलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो. झाक सर्वांत वर आहे, म्हणून ती सर्वांत आधी निघते आणि सर्वांत शेवटी परत जाते. मधे चेहऱ्याची अदलाबदल.

```
clean = plate - flare
out   = face*matte + clean*(1 - matte) + flare
```

`plate` म्हणजे मूळ शूट झालेलं चित्र, `matte` म्हणजे चेहरा कुठे बसवायचा ते सांगणारा पांढरा-काळा साचा, `flare` म्हणजे झाक आणि भुतं दोन्ही. दुसरी ओळ नीट बघा. `flare` ला `matte` ने गुणलेलं नाही. फ्लेअर साच्याच्या आतही तोच आणि बाहेरही तोच, म्हणून शिवण दिसत नाही. साच्याबाहेरच्या भागात तर काढलेलं तेवढंच परत गेलं, मूळ चित्र जसंच्या तसं राहिलं.

साच्यात फ्लेअर अडकला की काय होतं, ते आतेभावाच्या क्लिपमध्येच होतं. कपाळावर एक हिरवट ठिपका होता, केसांपासून खाली उतरत आलेला, आणि भुवईपाशी तो सरळ कापलेला. अर्धा चावा घेतलेल्या भाकरीसारखा. भुवईखाली नवीन चेहरा सुरू होत होता, त्याने मूळ चित्रातलं भूत झाकून टाकलं होतं. कपाळ मूळ माणसाचं, तिथे ते शाबूत.

आता `flare` आणायचा कुठून, हा खरा कामाचा प्रश्न.

## झाक मोजायची कशी

उत्तम उपाय शूटिंगच्या वेळचा आहे आणि त्याला खर्च शून्य. शॉट संपला की कॅमेरा न हलवता सहायकाने हात किंवा कटर अशा रीतीने धरायचा की लेन्सवर सूर्याची सावली पडेल पण चेहरा झाकला जाणार नाही. दोन सेकंद पुरतात. कटर म्हणजे उजेड कापणारं काळं कापड लावलेली चौकट, सेटवर ती असतेच. सूर्य फ्रेमच्या बाहेर असेल तर हे फार सोपं जातं. सूर्य फ्रेममध्येच असेल तर हात किंवा कटरही फ्रेममध्ये येतो, पण चालतं, आपल्याला चेहऱ्याचाच भाग हवा असतो. कटर असलेली आणि नसलेली फ्रेम यांची वजाबाकी म्हणजे झाक, आयती.

हे बहुतेक वेळा कुणी केलेलं नसतं. मग चित्रातच शोधावं लागतं. मोटरसायकलच्या शॉटमध्ये डबल दर काही सेकंदांनी डोकं हलवत होता आणि एका क्षणी सूर्य पूर्ण त्याच्या डोक्यामागे जात होता. त्या फ्रेममध्ये सूर्याची झाक नाही. आकाशाची थोडी उरते, पण तेवढं चालतं. तिथे नाकपुडीतला अंधार मोजला: लाल ०.०२, हिरवा ०.०२, निळा ०.०१५. सहा फ्रेम पुढे सूर्य बाहेर आल्यावर तीच नाकपुडी: लाल ०.१४, हिरवा ०.११, निळा ०.०८. फरक ०.१२, ०.०९, ०.०६५. ही झाली त्या जागेची झाक, रंगासकट. संध्याकाळची म्हणून लालीकडे झुकलेली.

झाक सगळीकडे सारखी नसते. सूर्याच्या बाजूला दाट, लांब गेलं की विरळ. म्हणून एका नाकपुडीवर भागत नाही. कॉलरच्या आतला अंधार, हेल्मेटच्या पट्ट्याची सावली, उघड्या तोंडाची पोकळी, कानामागचे केस, अशा पाच-सहा काळ्या जागा घेऊन त्यांच्या फरकांवरून एक मऊ चढ-उतार आखला जातो. मऊ हा शब्द महत्त्वाचा. झाकेला बारीक तपशील नसतो. तुमच्या काढलेल्या झाकेत नाकाचा आकार दिसायला लागला तर तुम्ही झाकेबरोबर चेहराही वजा करताय.

काढल्यावर बघायची खूण एकच. शुद्ध झालेल्या चित्रातला चेहरा सूर्य डोक्याआड असलेल्या फ्रेमसारखा दिसायला हवा. काळ्या जागा शून्याखाली गेल्या, निळसर डाग पडले, तर जास्त काढलं. आणि सूर्याच्या अगदी लगतचा भाग, जिथे सेन्सर पूर्ण भरून पांढराफटक झालाय, तिथे वजाबाकी करून काही मिळत नाही. तिथली माहिती शूटिंगच्या वेळीच गेली. अशा जागी साचा मागे घ्यायचा आणि मूळ चित्र ठेवायचं.

## भुताचा माग

झाकेपेक्षा भूत पकडणं सोपं असतं, कारण ते शिस्तीचं असतं. गोल लेन्समध्ये प्रत्येक भूत सूर्य आणि लेन्सचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवरच राहतं. प्रत्येकाचा स्वतःचा एक गुणक असतो, `k` म्हणू.

```
ghost = center + k * (sun - center)
```

माझ्या शॉटची फ्रेम ३८४० बाय २१६० पिक्सेलची होती, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजला तर मध्य १९२०, १०८०. एका फ्रेममध्ये सूर्य २८८०, ३८० वर. मध्यापासून उजवीकडे ९६० आणि वर ७००. डबलच्या गालावरचं हिरवं भूत होतं १४४०, १४३० वर, म्हणजे मध्यापासून डावीकडे ४८० आणि खाली ३५०. बरोबर निम्मं आणि उलट्या बाजूला, म्हणून `k` उणे अर्धा. एक सेकंदानंतर सूर्य २७००, ४२० वर आला. भूत कुठे असेल? मध्यापासून सूर्य ७८० उजवीकडे, ६६० वर. त्याचं निम्मं उलटं केलं तर भूत १५३०, १४१० वर. जाऊन बघितलं, तिथेच होतं.

याचा उपयोग असा की सूर्याचा माग एकदा घेतला की सगळ्या भुतांचे माग फुकट मिळतात. गाल कुठेही हलो, भूत गालाबरोबर हलत नाही. ते सूर्याशी बांधलेलं आहे. माझ्या एका सहकाऱ्याने भूत रंगवून गालावर ट्रॅक केलं होतं, म्हणजे चेहऱ्याला चिकटवलं होतं. प्रत्येक फ्रेम थांबवून बघितली तर सुरेख. चालवली की गालावर हिरवी बिंदी लावल्यासारखी दिसायची.

एक सावधगिरी. हा मध्य लेन्सचा आहे, तुमच्या हातातल्या फ्रेमचा असेलच असं नाही. आडव्या शूटमधून उभी रील कापली, किंवा हादरे घालवायला चित्र स्थिर केलं, की मध्य सरकतो. स्थिर केलेल्या चित्रात तो दर फ्रेमला वेगळा असतो, म्हणून तिथे मोजणी स्थिर करण्याआधीच्या चित्रावर करायची. कापलेल्या चित्रात तीन-चार फ्रेममध्ये सूर्यापासून भुतापर्यंत रेषा काढायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो खरा मध्य.

## "पण तयार फ्लेअर वरून टाकला तर?"

हा पहिला आक्षेप हमखास येतो. ऑप्टिकल फ्लेअर्ससारखी प्लगइन आहेत, सूर्य ठेवला की पाच सेकंदांत भुतांची माळ तयार. मग एवढी वजाबाकी कशाला?

कारण मूळ चित्रात फ्लेअर आधीच आहे. चेहरा बदललात आणि सगळ्यावर नवा टाकलात, तर चेहऱ्यावर एक फ्लेअर आणि मागच्या आकाशावर दोन. फक्त चेहऱ्यावर टाकलात तर शिवण आली. शिवाय प्लगइनची भुतं त्याच्या कल्पनेतल्या लेन्सची असतात, तुमच्या शूटच्या लेन्सची नव्हेत. मूळ फ्लेअर काढून तोच परत देणं हे आळशी माणसाचंही काम आहे आणि अचूक माणसाचंही. प्लगइनचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा भूत गालाच्या पोताशी इतकं मिसळलंय की सोडवता येत नाही. तिथे मूळ भूत पुसायचं आणि त्याच `k` वर, त्याच रंगाचं नवं मांडायचं. त्याहून चांगलं म्हणजे तीच लेन्स, तेच ॲपर्चर, तोच फिल्टर घेऊन अंधाऱ्या खोलीत काळ्या कापडासमोर टॉर्च फिरवायचा आणि शूट करायचं. मागे काळं असल्यामुळे जे दिसतं ते निव्वळ फ्लेअर असतं.

## "चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर हे आपोआप करत नाही का?"

थोडंसं करतं, आणि तिथेच फसवतं. असं बरंचसं सॉफ्टवेअर समोरच्या चेहऱ्याचा रंग आणि उठाव मोजून नव्या चेहऱ्याला तेच सरासरी रंग-उठाव देतं. सरासरी म्हणजे सगळ्या चेहऱ्याला एकच आकडा. सूर्याकडच्या गालावर झाक दाट, दुसऱ्या गालावर विरळ, हे त्यात हरवतं. आणि गालावर हिरवं भूत असेल तर त्याला वाटतं माणसाची कातडीच थोडी हिरवट आहे, मग तो सगळा चेहरा हिरवटतो.

दुसरी अडचण त्याहून आधीची आहे. झाकेत डोळ्यांच्या कडा, ओठांची रेषा पुसट होतात. सॉफ्टवेअर आधी याच खुणा शोधतं आणि मग चेहरा बसवतं. खुणा दर फ्रेमला थोड्या इकडेतिकडे पडल्या की चेहरा थरथरतो. झाक काढलेलं चित्र दिलं तर बहुतेक थरथर जाते. म्हणजे वजाबाकीचा फायदा रंगापुरताच नाही.

## ग्रेन सर्वांत शेवटी

ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. उजेड थेंबाथेंबाने येतो, त्यामुळे प्रत्येक चित्रात बारीक खळबळ असते, तिला आम्ही ग्रेन म्हणतो. उजेड वाढला की तीही वाढते, वर्गमुळाच्या हिशोबाने. नाकपुडी ०.०२ वरून ०.१४ वर गेली, म्हणजे सातपट. मग तिथली खळबळ सुमारे २.६ पट झाली. झाक वजा केली तरी ही खळबळ वजा होत नाही, कारण झाकेचे थेंब सेन्सरवर पडलेलेच आहेत.

म्हणून झाकाळलेल्या चेहऱ्याच्या अंधाऱ्या भागात वाजवीपेक्षा जास्त ग्रेन असतो. नवा चेहरा स्वच्छ, त्यावर मऊ झाक मिळवली, की रंग शंभर टक्के जुळूनही नाकपुडी मेणाची वाटते. उपाय साधा आहे. आधी मूळ चित्राचा ग्रेन काढून बाजूला ठेवायचा, सगळी बेरीज-वजाबाकी स्वच्छ चित्रावर करायची, आणि शेवटी, झाक परत दिल्यानंतरच्या उजेडाप्रमाणे नव्या चेहऱ्यावर ग्रेन द्यायचा. झाकेच्या आधी दिला तर अंधारात कमी पडतो.

## "मोबाइलच्या व्हिडिओवर जमेल?"

अर्धवट. मोबाइल प्रत्येक फ्रेमवर स्वतःची हुशारी चालवतो. चेहरा काळा दिसतोय म्हणून तेवढाच भाग उजळतो, आकाश तेवढंच दाबतो. मग सगळ्यांना सारखे १२ हजार हा हिशोबच मोडतो, आजीने वाटल्यावर शेजाऱ्याने पुन्हा फेरवाटप केल्यासारखा. त्यात फाइल दाबलेली असते. झाकेने आधीच थोड्या पायऱ्यांत कोंबलेला चेहरा वजाबाकीनंतर ताणला की गालावर पट्टे पडतात. अशा वेळी पूर्ण झाक काढायच्या फंदात पडू नये. सत्तर-ऐंशी टक्के काढावी, चेहरा तेवढ्याच उरलेल्या झाकेशी डोळ्याने जुळवावा आणि काढलेली तेवढीच परत द्यावी.

## सूर्य कानाआड जातो तेव्हा

शेवटी ती जागा, जिथे चांगले चांगले शॉट पडतात. ५० मिलिमीटरची लेन्स आणि सिनेमाचा नेहमीचा सुपर ३५ सेन्सर घेतला, तर आकाशात अर्ध्या अंशाचा सूर्य सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा लहान उमटतो. ३८४० पिक्सेलच्या फ्रेममध्ये ते होतात सुमारे ७० पिक्सेल. पडद्यावर तो मोठा दिसतो, कारण भोवतीची पांढरी झळाळी त्याच्यात मिसळते. खरी तबकडी मात्र ७० पिक्सेलचीच.

डबलचं डोकं दर फ्रेमला ३५ पिक्सेल सरकत असेल, तर कान सूर्याला दोन फ्रेममध्ये पूर्ण झाकतो. पहिल्या फ्रेमला पूर्ण झाक, दुसऱ्या फ्रेमला अर्धी, तिसऱ्या फ्रेमला काहीच नाही. भुतंही त्याच दोन फ्रेममध्ये विझतात. सेकंदात २४ फ्रेम असतात, त्यातल्या या दोन. सगळी झाक मऊ करायच्या नादात बरेच जण ती काळातही मऊ करतात, दहा फ्रेमची सरासरी काढतात. मग सूर्य कानाआड गेला तरी चेहऱ्यावर पाव सेकंद पांढुरकेपणा रेंगाळतो. मागचं आकाश मूळ चित्राचं असेल तर ते केव्हाच गडद झालेलं असतं.

झाकेचा जोर दर फ्रेमला किती हे म्हणून नाकपुडीवरून नव्हे, सूर्याच्या उघड्या भागावरून ठरवायचा. मूळ चित्रात सूर्याच्या जागी ७० पिक्सेलचं वर्तुळ ट्रॅक करायचं, त्यातला किती भाग उघडा आहे ते दर फ्रेमला मोजायचं आणि झाक नि भुतं दोन्ही त्या एकाच आकड्याने हलवायची. नवा चेहरा मूळ डोक्याच्या आतच बसत असेल तर एवढं पुरतं. पूर्ण डोकं बदललं असेल, नटाचे कान मोठे असतील किंवा विग फुगीर असेल, तर सूर्य मूळ शॉटपेक्षा थोडा आधी झाकला जायला हवा. मग वर्तुळ नव्या डोक्याच्या साच्याने कापून मोजायचं आणि मागच्या आकाशावरची झाकही त्याच हिशोबाने बदलायची.

आतेभावाला मी क्लिपमधली दोन ठिकाणं सांगितली. पहिलं भुवईपाशी कापलेलं भूत. दुसरं चौथ्या सेकंदाला: माणूस मान वळवतो, सूर्य कानामागे जातो, मागची लाट एकदम निळी होते आणि चेहरा मात्र होता तसाच पांढुरका राहतो. त्याने क्लिप अर्ध्या वेगाने तीनदा बघितली आणि मग विचारलं, "लाट का निळी झाली?" मी त्याला एसटीच्या काचेपासून सुरुवात केली.